दुकानाची वेबसाइट करून घ्यायचीये? डिझायनरला पहिलं पत्र असं लिहा

आमचं कराडला मसाल्याचं छोटं दुकान आहे, सासूबाईंनी सुरू केलेलं, आता मी बघते. कांदा लसूण मसाला, गोडा मसाला, चटण्या असा माल. दुकानाची वेबसाइट आम्ही दोनदा करून घेतली. पहिल्या वेळी मी एका डिझायनरला व्हॉट्सॲपवर फक्त एवढंच टाकलं होतं, "आमच्या दुकानाची छान वेबसाइट करायची आहे, किती घ्याल?" त्याने एक आकडा सांगितला, आम्ही हो म्हटलं आणि पुढचे सात महिने दोघंही एकमेकांवर वैतागलेलो, कारण माझ्या डोक्यात ऑर्डर घेणारी साइट होती आणि त्याच्या डोक्यात चार पानांची माहिती देणारी. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. लिहून काहीच ठेवलं नव्हतं एवढंच.

दुसऱ्या वेळी मी आधी दोन आठवडे बसून एक पत्र लिहिलं, तेच पत्र चार जणांना पाठवलं, आणि काम सव्वादोन महिन्यांत झालं. ते पत्र कसं तयार केलं ते पायरीने सांगते, शेवटी अख्खं पत्रही देते. तुमचं दुकान कपड्याचं असो नाहीतर भांड्याचं, आकडे तुमचे घाला.

आधी हे जमवून ठेवा

पत्र लिहायला बसण्याआधी एका फाइलमध्ये हे सगळं ठेवा, कारण यातलं निम्मं डिझायनर मागणार आणि निम्मं पेमेंट गेटवेवाले, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणारे, मागणार:

- मालकाचं पॅन, आधार, दुकानाच्या खात्याचा रद्द केलेला चेक
- शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणीचा कागद, जीएसटी असेल तर त्याचं सर्टिफिकेट
- खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर
- लोगोची मूळ फाइल
- मालाची यादी, वजनं आणि दर
- फक्त दुकानासाठी उघडलेला ईमेल आयडी, ज्याचा पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत आहे

जीएसटीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, कारण आम्हाला ती उशिरा कळली. उलाढाल कमी आहे म्हणून जीएसटी नंबर घेतला नाही असं बरेच दुकानदार म्हणतात आणि दुकानात बसून विकताना ते ठीकही असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. साइट सुरू झाली की बेळगाव, बंगळुरू, इंदूर इथून ऑर्डर येणारच. त्यामुळे एकतर आधी सीएला विचारून नंबर काढा, नाहीतर पत्रातच लिहा की सध्या फक्त महाराष्ट्रातले पिनकोड घ्यायचे. डिझायनरला दोन्ही करता येतं, पण त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे ना.

१. आधी मोजा, मग लिहा

"आमच्याकडे भरपूर व्हरायटी आहे" हे वाक्य डिझायनरच्या काही कामाचं नाही. त्याला आकडा हवा असतो, कारण त्याचा वेळ आकड्यावर ठरतो.

मी वही घेऊन बसले. नऊ मसाले, प्रत्येक २५० ग्रॅम, अर्धा किलो आणि एक किलो असा तीन वजनांत. पाच चटण्या, त्या फक्त २०० ग्रॅममध्ये. म्हणजे वस्तू १४, पण दर किती? नऊ त्रिक सत्तावीस आणि वर पाच, एकूण ३२. साइटवर १४ पानं लागणार आणि त्यावर ३२ दर भरायला लागणार. पहिल्या वेळी पुढे बोलताना मी "दहा-पंधरा आयटम" असं म्हणाले होते, आणि त्याने १५ दर धरले होते. भांडणाची सुरुवात तिथूनच झाली.

बाकीची पानंही अशीच मोजा. आमची झाली होम, आमच्याबद्दल, संपर्क आणि चार नियमांची पानं: पैसे परत कधी, पार्सल कसं पाठवतो, ग्राहकाची माहिती कशी ठेवतो, अटी. ही चार पानं शोभेची नाहीत बरं का, ती साइटवर नसली तर पेमेंट गेटवे अर्ज परत पाठवतो.

आणि खाण्याचा माल असेल तर अजून एक. पाकिटावर जे छापावं लागतं, म्हणजे बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तक्रारीसाठी नंबर, ते ऑनलाइन विकताना त्या वस्तूच्या पानावरही दिसावं लागतं. डिझायनरला हे माहीत असेलच असं नाही, तो आज मसाल्याचं काम करतो, उद्या जिमचं. म्हणून पत्रात लिहा की प्रत्येक वस्तूखाली एवढ्या ओळी पाहिजेत.

२. फोटो, लोगो आणि मजकूर कोण देणार

डिझायनर साइट बनवतो, तो मसाल्याचे फोटो काढत नाही आणि मसाल्याबद्दल लिहीत नाही. हे मला पहिल्या वेळी माहीतच नव्हतं, मी वाट बघत बसले होते आणि तो माझी वाट बघत बसला होता. लोकांची कामं रखडतात ती बहुतेक इथेच, असं मला दुसऱ्या डिझायनरनेही सांगितलं.

फोटो आम्ही घरीच मोबाइलवर काढले, सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीजवळ, पांढऱ्या कार्डशीटवर. मसाल्याचा रंग ट्यूबलाइटखाली विटकरी दिसतो आणि दुपारच्या उन्हात केशरी, खिडकीच्या उजेडातच तो खरा येतो. प्रत्येक वस्तूचे दोन, एक पाकीट आणि एक वाटीतला मसाला. पण पाठवताना व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखे पाठवू नका, तिथे फोटो दाबून लहान होतो आणि साइटवर मोठा केला की फाटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राइव्हवर फोल्डर करून द्या. फाइलला नाव द्या, म्हणजे कुठला फोटो कुठल्या मसाल्याचा हे विचारायला फोन येत नाहीत:

```
kanda-lasun-pakit.jpg
kanda-lasun-vati.jpg
goda-masala-pakit.jpg
```

लोगोची वेगळी गंमत. आमचा लोगो पाकिटं छापणाऱ्याकडे कोरलड्रॉमध्ये होता आणि माझ्याकडे फक्त व्हिजिटिंग कार्डाचा फोटो. छापखान्यात जाऊन मूळ फाइल मागा, आणि शिवाय मागचा पांढरा रंग नसलेली पीएनजी काढून मागा. पाच मिनिटांचं काम असतं, छापखानेवाले सहसा नाही म्हणत नाहीत.

आता मराठी मजकुराचं, आणि हे नीट वाचा कारण आपल्याकडेच हा घोळ होतो. आमचं दरपत्रक आणि लेबलवरचा मजकूर डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. मी ती फाइल तशीच डिझायनरला दिली, त्याने कॉपी करून साइटवर टाकली, तर "कांदा लसूण मसाला" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड. जुन्या फॉन्टचा मजकूर तो फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवरच मराठी दिसतो, वेबसाइटला युनिकोड लागतं, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसणारी अक्षरं. तपासायची सोपी युक्ती, फाइलमधली एक ओळ कॉपी करून स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड आहे. नाही दिसली तर बदलून घ्या किंवा मोबाइलवर परत टाइप करा. १४ वस्तूंचा मजकूर मी तीन रात्रींत मोबाइलवर टाइप केला.

भाषा किती हेही पत्रात लिहा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही म्हणजे पानं दुप्पट आणि खर्चही वाढतो. आम्ही मधला मार्ग काढला, वर्णन फक्त मराठीत पण नाव दोन्ही लिपींत, कारण मसाला शोधणारी बरीच माणसं मराठीच असली तरी मोबाइलवर kanda lasun masala असंच टाइप करतात.

३. साइटने काय करायचं ते गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहा

तुम्हाला तांत्रिक शब्द यायची गरज नाही. तुमचं गिऱ्हाईक काय करेल आणि मग तुम्ही काय कराल, एवढं क्रमाने लिहा. मी लिहिलं: पुण्यातली एक बाई व्हॉट्सॲपवर आलेली लिंक मोबाइलवर उघडते, अर्धा किलो कांदा लसूण आणि एक शेंगदाणा चटणी घेते, पिनकोड टाकते, कुरिअरचा खर्च तिला तिथेच दिसतो, यूपीआयने पैसे भरते, तिला मेसेज येतो, मलाही येतो, मी पार्सल भरून ट्रॅकिंग नंबर टाकते, तो तिला जातो. या एका परिच्छेदावरून, उत्तर दिलेल्या तिन्ही डिझायनरना कळलं की कार्ट पाहिजे, पेमेंट पाहिजे, वजनावर कुरिअर पाहिजे, मेसेज पाहिजे.

यातला कुरिअरचा भाग थोडा नीट बघा, पैसे तिथे जातात. एक किलोचं पाकीट म्हणजे एक किलोचं पार्सल नव्हे. आम्ही खोक्यासकट काट्यावर ठेवलं तर १ किलो १४० ग्रॅम भरलं. आमचा कुरिअरवाला अर्ध्या अर्ध्या किलोने धरतो, म्हणजे पैसे दीड किलोचे. साइटवर एक किलोचा दर लावला असता तर प्रत्येक पार्सलमागे फरक आमच्या खिशातून गेला असता, आणि महिनाभर कळलंही नसतं. म्हणून प्रत्येक पाकिटाचं नुसतं वजन आणि खोक्याचं वजन अशा दोन्ही संख्या डिझायनरला द्या, साइटला बेरीज करायला सांगता येतं.

आणि दर आपले आपल्याला बदलता आले पाहिजेत. ब्याडगी, संकेश्वरी मिरचीचा भाव वर गेला की आम्हाला आठ दिवसांत दर बदलावे लागतात, दर वेळी डिझायनरला फोन करून "एवढं बदला ना" म्हणायचं आणि त्याने तीन दिवसांनी बदलायचं, हे चालत नाही.

नको काय तेही लिहा. आम्हाला ॲप नको होतं, ब्लॉग नको होता, उड्या मारणारी चित्रं नको होती. नकोची यादी वाचून एकाने स्वतःहून आकडा कमी केला.

४. तारीख उलटी मोजत या

"लवकरात लवकर" लिहू नका. खरी तारीख काय आहे आणि का आहे ते लिहा. आमच्याकडे नवी मिरची आली की नवा मसाला एप्रिलमध्ये तयार होतो, मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात, मसाला घेऊन जातात आणि मग जूनपासून "अजून पाठवा" म्हणून फोन सुरू होतात. म्हणजे १५ एप्रिलला साइट चालू नसेल तर आमचं वर्ष गेलं. मी पत्रात ३१ मार्च लिहिलं, पंधरा दिवस हातचे ठेवले.

मग मागे मोजत आले. ३१ मार्चला सुरू करायची तर दहा दिवस घरच्या घरी ऑर्डर टाकून तपासायला पाहिजेत, म्हणजे २० मार्चला पेमेंट चालू पाहिजे. पेमेंट चालू व्हायला गेटवेची मंजुरी पाहिजे, आणि मंजुरीसाठी ते साइट उघडून बघतात, नियमांची पानं आहेत का, माल आणि दर दिसतात का, संपर्क आहे का. म्हणजे १ मार्चला सगळी पानं आपल्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या नावाच्या पत्त्यावर, दिसायला हवीत. त्यासाठी फोटो आणि मजकूर माझ्याकडून १५ फेब्रुवारीला जायला हवा. इथे मला पहिल्यांदा कळलं की पहिली तारीख डिझायनरची नाही, माझी आहे.

पेमेंटचं काम शेवटच्या आठवड्यावर टाकणं हा सगळ्यात मोठा सापळा. आमचा अर्जही एकदा परत आला, कारण शॉप ॲक्टवर दुकानाच्या नावात इंग्रजीत Masale होतं आणि बँक खात्यावर Masala. एका अक्षरासाठी बँकेत दोन खेपा. साइट ३१ मार्चऐवजी ६ एप्रिलला सुरू झाली, पण हातचे दिवस होते म्हणून सीझन चुकला नाही. तुम्ही आजच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग जुळतंय का बघा.

५. बजेट लपवू नका

आपल्याला वाटतं आकडा सांगितला तर समोरचा तेवढाच लावेल. मीही पहिल्या वेळी सांगितला नव्हता. पण वेबसाइट दहा हजारातही होते आणि दोन लाखातही, वेगवेगळी होते. आकडा सांगितला की समोरचा सांगू शकतो की एवढ्यात हे बसेल, हे बसणार नाही. मी "३० ते ३५ हजार" असं लिहिलं आणि त्याखाली लिहिलं की यात न बसणारं काय ते वेगळं दाखवा.

एकदाचा खर्च आणि दर वर्षीचा खर्च वेगळा मागा. डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेली जागा, यांचे पैसे दर वर्षी भरायचे असतात. साइटला जोडायच्या तयार सोयी, म्हणजे प्लगइन, यातले काही महागडेही वर्षाच्या लायसन्सवर असतात, ते कोणाच्या नावावर घेणार ते विचारा, डिझायनरच्या नावावर असेल आणि पुढे त्याने ते बंद केलं तर तुमच्या साइटला अपडेट मिळत नाहीत. पेमेंट गेटवेचे पैसे वेगळे, ते प्रत्येक ऑर्डरमागे कापले जातात. आम्हाला २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा दर मिळाला, म्हणजे हजाराच्या ऑर्डरला २३ रुपये ६० पैसे. दर ठरवताना हे धरा.

पैसे तीन टप्प्यांत द्या आणि टप्पा तारखेला बांधू नका, कामाला बांधा. आमचे ३०, ४०, ३० टक्के ठरले. सुरू करताना ३०, सगळी पानं भरून दिसली की ४०, आणि साइट चालू होऊन सगळे पासवर्ड हातात आले की शेवटचे ३०. शंभर टक्के आधी मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. आणि एक रुपयाही आधी न देता काम सुरू करा म्हणणारं गिऱ्हाईक आपणही होऊ नये, त्याचंही घर त्यावर चालतं.

६. काम पूर्ण झालं म्हणजे काय, हे आधीच लिहा

माझ्या मते पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. "साइट तयार झाली" हे दोघांनी आपापल्या मनाने ठरवायचं नाही. तपासून बघता येईल अशी पाच-सहा वाक्यं लिहा. पत्रात खाली आहेत तशी.

डोमेनचं इथेच पक्कं करा. आमच्या पहिल्या साइटचं डोमेन त्या डिझायनरने स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पुढे त्याने काम बदललं, नंबर लागेना, मुदत संपल्याचे मेल त्याच्याच इनबॉक्समध्ये गेले आणि एक दिवस साइट उघडेचना. चौकशी करेपर्यंत नाव दुसऱ्या कोणीतरी घेतलेलं. चार हजार पाकिटांवर ते नाव छापलेलं होतं हो, आम्ही सगळ्यांवर बसून स्टिकर लावले, सासूबाईंच्या हाताला फोड आले होते. तेव्हा डोमेन स्वतः, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डने किंवा यूपीआयने घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, भाच्याला बसवा शेजारी. डिझायनरला लागेल तेवढा प्रवेश नंतर देता येतो.

७. आता अख्खं पत्र

व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात पाठवू नका, ईमेलने पाठवा, म्हणजे सहा महिन्यांनीही सापडतं.

> विषय: मसाल्याच्या दुकानासाठी ऑर्डर घेणारी वेबसाइट, कामाची माहिती आणि कोटेशनची विनंती
>
> नमस्कार सर,
>
> आमचं कराडला मसाले आणि चटण्यांचं दुकान आहे. सध्या फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतो, महिन्याला साधारण ६० पार्सलं जातात. यातल्या जास्तीत जास्त ऑर्डर साइटवरून याव्यात आणि दिवसभर फोनवर दर सांगण्यात जाणारा वेळ वाचावा, एवढ्यासाठी साइट हवी आहे.
>
> माल: ९ मसाले प्रत्येकी ३ वजनांत, ५ चटण्या एकाच वजनात. एकूण १४ वस्तू, ३२ दर. शिवाय होम, आमच्याबद्दल, संपर्क आणि नियमांची ४ पानं.
>
> गिऱ्हाईक मोबाइलवरून येणार. वस्तू निवडणे, पिनकोडवरून कुरिअरचा खर्च दिसणे, यूपीआय किंवा कार्डने पैसे भरणे, दोघांनाही मेसेज आणि ईमेल येणे, ट्रॅकिंग नंबर पाठवणे एवढं हवं. कुरिअरचा खर्च खोक्यासकट वजनावर धरायचा, वजनांचा तक्ता सोबत जोडला आहे. सध्या कॅश ऑन डिलिव्हरी नको, ॲप नको, ब्लॉग नको.
>
> वर्णन मराठीत, वस्तूचं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरांत. प्रत्येक वस्तूखाली निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एफएसएसएआय नंबर आणि तक्रारीचा फोन दिसावा.
>
> आमच्याकडून: फोटो २८, लोगो, युनिकोड मजकूर, दरपत्रक, नियमांच्या पानांचा मजकूर. हे सगळं १५ फेब्रुवारीपर्यंत देऊ. उशीर आमच्याकडून झाला तर पुढच्या तारखा तेवढ्या दिवसांनी पुढे जातील हे मान्य आहे. डोमेन आम्ही घेतलं आहे, होस्टिंग तुम्ही सुचवाल ते आमच्या नावावर घेऊ.
>
> तारखा: होम आणि एका वस्तूच्या पानाचं डिझाइन १० फेब्रुवारी. सगळी पानं भरून १ मार्च. पेमेंट आणि कुरिअर चालू २० मार्च. साइट सुरू ३१ मार्च. आमचा सीझन १५ एप्रिलला सुरू होतो, त्यापुढे गेलं तर आमचं वर्षाचं नुकसान होतं.
>
> बजेट: तुमच्या कामाचे ३० ते ३५ हजार. डोमेन, होस्टिंग वेगळं. यात काय बसत नाही ते वेगळं लिहावं. डिझाइनमध्ये दोन वेळा बदल यात धरावेत, त्यापुढच्या बदलाचा दर सांगावा. पैसे ३०, ४०, ३० टक्के असे टप्प्यांत.
>
> काम पूर्ण कधी समजायचं: (१) तीन वेगवेगळ्या मोबाइलवरून खरे पैसे भरून तीन ऑर्डर पूर्ण झाल्या. (२) ऑर्डरचा मेसेज पाच मिनिटांत आला. (३) मी स्वतः एक दर बदलला आणि एक वस्तू "संपली" असं दाखवलं. (४) एक ऑर्डर रद्द करून पैसे परत गेले. (५) सगळे लॉगिन, बॅकअपची फाइल आणि प्लगइनची यादी मिळाली. (६) तासभर बसून मला शिकवलं आणि त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग दिलं.
>
> साइट सुरू झाल्यावर तीन महिन्यांत काही बिघडलं तर दुरुस्ती यात धरावी. त्यानंतरचा दर सांगावा.
>
> तुम्ही केलेल्या, सध्या चालू असलेल्या आणि ऑर्डर घेणाऱ्या दोन साइटच्या लिंक पाठवाल का? शक्य झालं तर २७ जानेवारीपर्यंत उत्तर द्यावं. काही कळलं नसेल तर दुपारी २ ते ४ मध्ये फोन केला तरी चालेल, तेव्हा दुकानात गर्दी कमी असते.
>
> आपली,
> (नाव, दुकान, फोन)

८. उत्तरं आली की काय बघायचं

चौघांना पाठवलं, तिघांची उत्तरं आली: २२ हजार, ३४ हजार आणि ६० हजार. नुसते आकडे बघून २२ वाल्याला फोन करणार होते, पण एकच पत्र सगळ्यांना गेलं होतं म्हणून ओळ ओळ ताडून बघता आली. २२ मध्ये कुरिअरचा खर्च सगळ्यांना एकच होता, वजनावर नव्हता, आणि पैसे परत करण्याचं कामच धरलेलं नव्हतं. ६० वाल्याने मस्त काम दाखवलं पण त्यात आम्हाला न लागणारं बरंच होतं. ३४ वाल्या सांगलीच्या मुलाने उत्तरात उलट पाच प्रश्न विचारले होते, त्यातला एक, "ताई, एका ऑर्डरमध्ये दहा किलो कोणी मागवलं तर कुरिअर की ट्रान्सपोर्ट?" मी हे लिहायलाच विसरले होते. ज्याने पत्र वाचून प्रश्न विचारले त्याला काम द्या, असं मी तरी म्हणेन.

"गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो" असं कोणी लिहिलं तर त्यावर पैसे लावू नका, तो नंबर कोणाच्या हातात नसतो. पाठवलेल्या लिंक स्वतःच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडा. आमच्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये रेंज कशीबशी येते, मी तिथे जाऊन उघडल्या. एक साइट पोतं उचलून ठेवेपर्यंत पांढरीच होती.

मध्येच नवीन काही सुचलं तर फोनवर सांगून सोडू नका, त्याच ईमेलखाली लिहा आणि त्याचा दर व तारीख विचारा. आम्हाला मार्चमध्ये दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सचं पान सुचलं, त्याचे २,५०० वेगळे झाले, एकूण ३६,५०० गेले. आधी लिहिलेलं होतं म्हणून ना त्याला मागताना अवघडल्यासारखं झालं ना मला देताना.

९. हातात घेण्याच्या दिवशी

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी त्याच्यासमोर बसून, किंवा व्हिडिओ कॉलवर, प्रत्येक ठिकाणी तुम्ही स्वतः लॉगिन करा: डोमेन, होस्टिंग, साइट ज्यावर बनली त्या वर्डप्रेसचं ॲडमिन, पेमेंट गेटवे. चारही ठिकाणी नोंदलेला ईमेल आणि मोबाइल तुमचा आहे का ते उघडून बघा, तो म्हणतोय म्हणून धरू नका. पेमेंट गेटवेचा पासवर्ड आणि ओटीपी कोणालाच द्यायचा नाही, डिझायनरलाही नाही. साइटमध्ये त्याला दुरुस्तीसाठी यावं लागेल म्हणून त्याचा वेगळा यूजर ठेवा, काम संपलं की बंद करता येतो.

बॅकअपची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि शॉप ॲक्टच्या फाइलमध्ये ठेवा. डोमेन आणि होस्टिंग संपायच्या तारखा दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आमच्याकडे जानेवारीच्या पानावर लाल पेनाने लिहिलंय, संपायच्या तारखेच्या एक महिना आधी, आणि ते बघून पैसे भरायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.